माकड तिरकं चालत नाही

६ जुलै

प्रिय वहिनी,

तुझा फोन लागत नाही, आणि लागलाच तर आई तो तुझ्या हातून ओढून घेते आणि मला "कोण बोलतंय, कोण बोलतंय" करत बसते. म्हणून आपलं जुनं काम, पत्र. दादा गाडी घेऊन लांबच्या फेरीवर असेल, तेव्हा हे तुलाच वाचायचंय.

कॉलेजात नेहमीचा रडगाण्याचा मोसम सुरू झालाय. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भाषेचा प्रकल्प असतो. दर वर्षी सगळी टोळी अंगाईगीतं आणते, आणि दर वर्षी ती मागच्या वर्षीच्या टोळीची असतात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. या वेळी मी वैतागून म्हटलं, झोपवायचं गाणं नको, भरवायचं आणा. लहान मुलाला जेवताना एकेक घास देत बायका जे म्हणतात ना, हा अमक्याचा, हा तमक्याचा, ते. राज्याचे पाच भाग धरले: किनारा, डोंगर, पठार, नदीकाठ आणि सीमेकडचा पट्टा. एकच गाणं पाची ठिकाणी कसं बदलतं ते शेजारी शेजारी मांडून बघायचं. मुलांना आवडलं. मला तर इतकं आवडलं, की सप्टेंबरातल्या परिसंवादात मीच त्यावर निबंध वाचणार असं विभागप्रमुख बाईंना सांगून बसले. वीस वर्षं शिकवतेय, तिथे एकदाही उभी राहिलेली नाही.

डोंगराला अजून माणूस मिळालेलं नाही. आई तिथेच जन्मली, तिथेच दिली, उभा जन्म तिथे काढला. तिच्याइतकं अस्सल कोण? सोबत मेमरी कार्ड पाठवतेय. तुझ्या फोनमध्ये घालून तिचं गाणं घे. नियम चारच. तिला शब्द सुचवायचे नाहीत. चुकली तर सुधारायचं नाही. निदान दोन वेगवेगळ्या दिवशी म्हणून घ्यायचं, म्हणजे कायमचं काय आणि त्या दिवसापुरतं काय ते कळतं. आणि सोबतचा कागद भरायचा: वय, माहेर, सासर, गाणं कुणाकडून शिकलात.

मला स्वतःला ते गाणं आठवत नाही. मी म्हणे जेवायला कधी त्रास दिलाच नाही.

तुझी,
ताई


१९ जुलै

ताई, नमस्कार.

कार्ड पाठवतेय. तीन दिवस घेतलं. मध्ये भांड्यांचा आवाज आहे, आणि एके ठिकाणी आई मला "सरक गं" म्हणतात, ते गाण्यातलं नाही.

तुमच्या मुलांना ऐकायला त्रास नको म्हणून लिहूनही देते. त्या म्हणतात तसंच लिहिलंय, मी काही सुधारलं नाही:

पहिला घास माकडाचा,
तिरक्या तिरक्या वाकड्याचा.
दुसरा घास बगळ्याचा,
उरलासुरला सगळ्यांचा.
शेवटचा घास नावाड्याचा,
पैलतीरी नेणाऱ्याचा.

तिन्ही दिवस हेच. एक दिवस बगळा आधी आला. कागदही भरलाय, शेवटचा रकाना तेवढा सोडलाय.

आता माझं. तुम्हाला फोनवर सांगायला गेले की आई मध्ये येतात, म्हणून इथे सांगते. माझ्या शिवणवर्गाच्या बाईंनी निरोप धाडलाय. एक ऑक्टोबरला कामावर आले तर जागा माझी, नाही तर दुसरी बाई उभीच आहे. गेलं दीड वर्ष त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली, आणखी किती धरतील? घरी बसून माझं डोकं आंबून गेलंय, ताई. आईंना एकटं सोडता येत नाही, गॅस सुरू करून ठेवतात, परवा दार उघडून चालायला लागल्या होत्या. तुम्ही त्यांना दोन-तीन महिने तुमच्याकडे न्याल का? तोवर इथे दिवसभराला एखादी बाई बघते. ह्यांचं म्हणणं, ताईला कशाला त्रास. हे स्वतः महिन्यातून चार दिवस घरी असतात, त्यांना म्हणायला काय जातंय.

कळवा.

वहिनी


२७ जुलै

प्रिय वहिनी,

अगं, तू काय पाठवलंयस याची तुला कल्पना तरी आहे का? मी वर्गात ते ऐकवलं आणि स्वतःच खुर्चीतून उठले. मुलांना वाटलं बाईंना काही चावलं.

सांगते. किनाऱ्याकडची एक मुलगी तिच्या आजीचं गाणं घेऊन आली होती. त्यात पहिला घास खेकड्याचा. "पहिला घास खेकड्याचा, तिरक्या तिरक्या वाकड्याचा." पुढे बगळा, नावाडी, शब्दाला शब्द आईचंच. फरक एवढाच, की आईच्या गाण्यात खेकड्याच्या जागी माकड बसलंय. आता बघ हं. खेकडा तिरका चालतो. माकड तिरकं चालत नाही. म्हणजे "तिरक्या तिरक्या" ही ओळ मुळात खेकड्याचीच. गाणं किनाऱ्यावर जन्मलं, डोंगरात चढलं, तिथे खेकड्यापेक्षा माकडंच जास्त म्हणून तालात बसणारं ओळखीचं जनावर घातलं, पण त्याची चाल बदलायची राहून गेली. आमच्या शास्त्रात असल्या राहून गेलेल्या शब्दाला सोन्याचं मोल. त्यावरून गाण्याची दिशा कळते. आणि नावाडी! डोंगरात कुठली आलीय नाव? म्हणजे कधीतरी, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी म्हण, माणसं किनारा सोडून डोंगरात गेली असणार आणि बायकांनी हे गाणं सोबत नेलं असणार.

पठारावर पहिला घास मुंगीचा आणि शेवटचा गाडीवानाचा. नदीकाठी शेवटचा होडीवाल्याचा. सीमेकडे फेरीवाल्याचा. म्हणजे जनावरं कुठेही बदलतात, पण शेवटचा घास सगळीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाचा. सांगाडा एकच, भरणा ज्याचा त्याचा. मुलांनी मोठा तक्ता केलाय, भिंत भरून. निबंधाचा कणा मात्र आईचं गाणं. रिकामा रकाना मी भरून टाकला, "स्वतःच्या आईकडून". दुसऱ्या कुणाकडून शिकणार?

आईला इकडे आणायचं म्हणतेस ते मी विसरलेले नाही. पण आत्ता घरभर कागद आहेत, आणि परिसंवाद झाल्याशिवाय मला श्वास घ्यायला फुरसत नाही. सप्टेंबरअखेर बघू. तू तर किती निगुतीने करतेस, मला ते जमेल की नाही कोण जाणे.

तुझी,
ताई


५ ऑगस्ट

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्हाला आनंद झाला हे बरं झालं. आईंना मी वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "छान अक्षर आहे."

एक सांगायचंय, पण ते कागदावर नको वाटतं. तुम्ही एकदा येऊन जा. जेवणाच्या वेळेला या.

वहिनी


१८ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

येणं कसं जमणार? सोमवार ते शनिवार तास, रविवारी तक्ते. जे काही असेल ते लिही की.

इकडे जरा पंचाईत झालीय. दोन मुली शेवटी डोंगराकडे जाऊन आल्या. तुमच्या गावच्या अलीकडे-पलीकडे मिळून बऱ्याच म्हाताऱ्यांची गाणी आणली. सगळ्यांचा शेवटचा घास मेंढपाळाचा. एकीच्याही तोंडी नावाडी नाही, बगळा नाही, आणि माकड आहे पण ते सरळ झाडावर चढतं, तिरकं कुठे जात नाही. विभागप्रमुख बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एकाच तोंडचं गाणं म्हणजे पुरावा नव्हे, अपवाद." त्यांचं चूक नाही. पण मला वाटतं आपल्याच घरात जुनं रूप टिकलं आणि बाकीच्यांनी पुढे बदललं. असंही होतं.

तू एवढं कर. आईच्या माहेरी तिची एक चुलतबहीण आहे ना, तिच्याकडे एकदा जाऊन ये आणि गाणं घे. जाऊन-येऊन दिवसभराचंच काम आहे. आणि आईला हळूच विचार, तिची आई कुठली होती, घरात कुणी कधी किनाऱ्याकडून आलं होतं का. एवढं मिळालं तर निबंध तरला. नाही मिळालं तर माझं सगळ्यांसमोर हसं होईल गं.

तुझी,
ताई


२६ ऑगस्ट

ताई,

किनाऱ्याकडून ह्या घरात कोण आलं होतं ते विचारता? मी आले होते. सोळा वर्षांपूर्वी, एक ट्रंक आणि एक शिवणयंत्र घेऊन. तुम्ही लग्नात वाढायला होतात.

ते गाणं माझं आहे. माझ्या आईचं. खेकडाही माझाच.

नीट सांगते, कारण एवढी शिकलेली माणसं तुम्ही, दोनशे-तीनशे वर्षं मागे जाऊन आलात पण माझं माहेर कुठलं ते तुम्हाला आठवलं नाही. गेल्या वर्षीपासून आई तोंड उघडत नाहीत. भूक लागलेली असते, पण घास पुढे केला की दात घट्ट. डॉक्टर म्हणाले, गिळायचं कसं ते विसरायला होतं या आजारात, घाई करू नका, बोलत राहा. काय बोलू? सगळं बोलून झालं. एक दिवस कंटाळून, रडकुंडीला येऊन मी ते गाणं म्हटलं. मला मूल नाही. ते गाणं मी कधी कुणाला म्हटलंच नव्हतं, मी म्हातारी होऊन गेले की ते तसंच माझ्याबरोबर जाणार होतं. खेकडा म्हटल्यावर आई हसल्या आणि तोंड उघडलं. तेव्हापासून दोन्ही वेळा तेच. एकेका जेवणाला तास-दीड तास जातो. पुढे पुढे त्या माझ्या आधी म्हणायला लागल्या. खेकडा त्यांच्या जिभेवर बसेना, त्याचं माकड त्यांनीच केलं. मी सुधारलं नाही. सुधारायचं नाही असं तुमचा कागद यायच्या कितीतरी आधी मला कळलं होतं, कारण सुधारलं की त्या तोंड मिटतात.

तुम्ही आईंचं गाणं मागितलंत. त्यांचं म्हणून जे काही असेल ते मला माहीत नाही, आता त्यांनाही नाही. त्या जे म्हणतात ते मी पाठवलं. मी खोटं लिहिलं नाही, रकाना रिकामा सोडला. तुम्हाला विचारायला लागू नये म्हणून तुम्हीच भरून टाकलात. नंतर सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या खुशीत होता, आणि खरं सांगू, मलाही राग आला होता. मी एवढं मोठं पत्र लिहून विचारलं, आईंना न्याल का, आणि तुम्ही मला माकड कसं चालतं ते समजावून सांगितलंत.

चुलतबहिणीकडे मी जाणार नाही. त्या दिवशी आईंना कोण भरवणार?

मी थकलेय, ताई. रागावले नाही, म्हणजे रागावलेय, पण त्याहून जास्त थकलेय. एक ऑक्टोबर जवळ आलाय.

वहिनी


४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गावर गेले, हजेरी घेतली आणि मुलांना सोडून दिलं. मग तक्त्यासमोर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं.

निबंधातलं माझं म्हणणं दिशेपुरतं बरोबर निघालं, काळापुरतं पार फसलं. गाणं किनाऱ्यावरूनच डोंगरात गेलं. बायकाच घेऊन गेल्या. फक्त ती बाई तीनशे वर्षांपूर्वीची नव्हती, माझ्या भावाची बायको होती. आम्ही गाणी ज्या गावात ऐकली त्या गावाच्या नावावर लावली, आणि बायका तर लग्न करून गावं बदलतात. एवढं साधं! आता मुलं सगळा तक्ता उतरवून पुन्हा मांडतायत, गाणारीच्या माहेराप्रमाणे. पठाराच्या नावावरची चार गाणी लगेच नदीकाठात गेली. सीमेकडच्या मुलीला तर खात्री आहे, की फेरीवाला तिच्या आजीचा नसून आजीच्या भावजयीचा आहे. भांडणं चाललीयत, मजेत आहेत.

विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "गाणं बदलताना कुणी प्रत्यक्ष पाहिलंय असं मी आजवर ऐकलं नव्हतं. तुमच्या वहिनीने पाहिलंय."

परिसंवादाला मी जाणार नाही. तारीख नेमकी आईला आणायच्या दिवसांतच येते. किनाऱ्याकडची मुलगी वाचेल, तिला सगळं तोंडपाठ आहे. मी रजा टाकलीय आणि पुढच्या महिन्यांसाठी अर्ध्या वेळेचे तास मागून घेतलेत. वीस तारखेला येते आणि आईला घेऊन जाते. डिसेंबरपर्यंत तरी. पुढचं पुढे बघू, पण बघू म्हणजे या वेळी खरंच बघू.

मला भीती वाटते गं. ती मला ओळखेल का, माझ्या हातून जेवेल का. तुझ्याकडून शिकून घ्यायला मला दोन दिवस दे.

रकाना मी खोडला.

तुझी,
ताई


२१ सप्टेंबर (पिशवीतून)

ताई,

तुम्ही आत निजलाय, आई पण. बोलताना राहून जातं म्हणून लिहून पिशवीत ठेवतेय.

हनुवटी खाली असू द्या, डोकं मागे नेऊ नका, नाही तर ठसका लागतो. घास लहान. गिळल्याचं गळ्याकडे बघून समजतं, तोंडाकडे बघून नाही. मऊ भात कोमट हवा, चमचा धातूचा नको, दाताला लागला की संपलं. गाणं हळू म्हणा. तुम्ही काल वर्गात कविता शिकवल्यासारखं म्हणत होतात, आई घाबरल्या. बगळ्यानंतर थोडं थांबा. नावाड्याचा घास खरोखर शेवटचाच असू द्या. तो झाल्यावर आणखी एक भरवायला गेलात तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी त्या तोंडच उघडत नाहीत. मी एकदा केलं होतं.

रागावल्या तर मनाला लावून घेऊ नका. माझ्यावरही रागावतात. मला त्या कधी नावाने हाक मारत नाहीत, "अगं ए" म्हणतात, ते चालतं मला.

वहिनी


९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझी जागा मिळाली हे दादाने कळवलं. पहिल्या दिवशी टीप वाकडी गेली म्हणालीस म्हणे. जाऊ दे, हात बसेल पुन्हा.

इथलं सांगते. पहिले चार दिवस काय गेले ते माझं मला माहीत. आईने मला "बाई" ठरवून टाकलं. "बाई, तुम्ही आता घरी जा." सकाळी भात, दुपारी भात, सगळा माझ्या साडीवर. मी गाणं म्हणते तर ती कान झाकते. एकदा मीच मोठ्याने रडले, आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तोंड मात्र उघडलं नाही. तू हे दीड वर्ष कसं केलंस? मी चार दिवसांत मेटाकुटीला आले, आणि मी तुला लिहिलं होतं, किती निगुतीने करतेस म्हणून. लाज वाटते त्या वाक्याची. तू मला क्षमा कर.

पाचव्या दिवशी मी हळू म्हटलं, तू सांगितलंस तसं. माझी चाल अजून तुझ्यासारखी लागत नाही. पण माकडावर तिने तोंड उघडलं. मग रोज थोडं थोडं. आता बरी जेवते. मी जे म्हणते ते ती मध्येच तोडून पुरं करते.

परिसंवाद झाला. मुलीने छान वाचलं म्हणतात. मला विचारशील तर मला त्याचं काही वाटलं नाही, म्हणजे थोडं वाटलं, पण तेव्हा मी चमचा धूत होते.

आजचं सांगायला हे पत्र लिहितेय. आज तिने पहिल्यांदा शेवटच्या घासापर्यंत सगळं खाल्लं. बगळ्यानंतर थांबले. मग म्हटलं, शेवटचा घास नावाड्याचा. तिने माझा हात धरला आणि वाटी बाजूला सारली. मला वाटलं झालं, आता मिटतेय तोंड. पण ती म्हणाली, "हा नको. हा तिला ठेव."

मी विचारलं, कुणाला?

"तिला गं. गाणारीला. मला भरवते, तिचं जेवण मागेच राहतं."

मग ती दाराकडे बघत बसली. मी तो घास वाटीत तसाच झाकून ठेवला.

वहिनी, तू वेळेवर जेवतेस ना?

तुझी,
ताई